आदल्या संध्याकाळी काय बोलशील?

चि. सी.आर. बाईसाहेब,

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांच्या एफएमजीई परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी करायच्या तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. जिद्द, आई-वडिलांचं कर्ज, परदेशात काढलेली वर्षं, सगळं खरं आहे, पण ते काढून टाक. राजारामपुरीतल्या त्या अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. आदल्या संध्याकाळी पुन्हा ऐकवलंस तर डोक्यावरचं ओझं तेवढं वाढेल. शिवाय काहींची ही पहिली खेप नाही. "आपण सगळे पास होणार" हे वाक्य त्यांना टोचतं, ते तर मुळीच नको.

सुरुवात अशी कर: एफएमजीईत रँक नसतो. 300 पैकी 150 मिळाले की पास. शेजारचा पास झाला म्हणून माझी जागा जात नाही. नीट पीजीच्या, रँकवर जागा मिळायच्या वातावरणात वावरून पोरं हे विसरतात आणि आदल्या दिवशी एकमेकांपासून नोट्स लपवत बसतात.

मग फळ्यावर एक हिशोब मांड. तुझ्या भाषणाचा जीव त्यातच आहे, म्हणून निम्मा वेळ त्याला दे. नकारात्मक गुण नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ कागदावर कुणी काढलेला नसतो. समज, एकाला 110 प्रश्नांची उत्तरं पक्की वाटतात. त्यातली दहा चुकली, म्हणजे हातात 100. 300 प्रश्नांतले उरले 190. ते कोरे सोडले तर खेळ संपला. डोळे मिटून टिकमार्क केले तर चारातला एक बरोबर येईल, म्हणजे साधारण 47. बेरीज 147. तीन गुणांनी गेला!

आता त्याच 190 मधल्या 80 प्रश्नांत त्याला दोन पर्याय चुकीचे म्हणून खोडता आले, असं धर. तिथं निम्मे, म्हणजे 40 बरोबर येतील. राहिलेल्या 110 मध्ये चौथा हिस्सा, 27 च्या आसपास. बेरीज 167. अभ्यास तेवढाच आहे, फक्त खोडाखोड जास्त झाली. हेही सांग की ही सरासरी आहे. नशिबाने पाच-सात गुण इकडचे तिकडे होतात, म्हणून 150 च्या काठावर राहण्यापेक्षा वर अंतर ठेवलेलं बरं.

खोडायचं कसं, याचा एकच नमुना दाखव. बाळ 18 तासांचं आहे आणि कावीळ दिसते आहे. पर्याय: फिजिऑलॉजिकल जॉन्डिस, ब्रेस्ट मिल्क जॉन्डिस, बिलिअरी अट्रेशिया, आरएच इनकॉम्पॅटिबिलिटी. उत्तर आठवत नसलं तरी 'अठरा तास' या शब्दांवर बोट ठेवायचं. पहिल्या 24 तासांतली कावीळ फिजिऑलॉजिकल नसते. ब्रेस्ट मिल्कची पहिला आठवडा सरता सरता, बहुधा त्यानंतरच दिसते. बिलिअरी अट्रेशिया लक्षात यायला काही आठवडे जातात. उरला आरएच. सगळ्याच प्रश्नांत तिन्ही पर्याय असे पडणार नाहीत, पण वय, वेळ, लिंग हे शब्द प्रश्नात उगाच आलेले नसतात.

वेळेचं एक वाक्यात आटप: प्रत्येक भागात 150 प्रश्न, 150 मिनिटं, आणि भागातल्या एका विभागाची वेळ संपली की त्या विभागात परत जाता येत नाही. म्हणून 'नंतर बघू' म्हणायचं असेल तर आधी एक पर्याय निवडायचा, मग रिव्ह्यूची खूण करायची. नुसती खूण केलेला प्रश्न कोराच धरला जातो. दरवर्षी यात कुणी ना कुणी अडकतं.

दुपारच्या सुट्टीत सकाळच्या पेपरची चर्चा नको, हे मात्र जरा दरडावूनच सांग. चुकलेले चार प्रश्न समजले की दुसऱ्या भागात तेच डोक्यात फिरत राहतात. नियमाप्रमाणेही प्रश्न बाहेर सांगायचे नसतात.

जेवणाचं हसत सांग. रात्री तांबडा रस्सा नको, सकाळी झणझणीत मिसळ तर अजिबात नको. कोल्हापूरकरांना हे पटणार नाही, तरी सांग. त्या दिवशी पोट बिघडलं तर घड्याळ थांबत नाही.

शेवटी टाळ्यांची वाट बघू नकोस. प्रवेशपत्राची छापील प्रत, त्यावर फोटो, मूळ ओळखपत्र, एवढं प्रत्येकाला बॅगेतून बाहेर काढून दाखवायला लाव. बाहेरगावी सेंटर असलेले एव्हाना निघून गेले असतील, त्यांना फोन कर. मग सकाळी कुणाकडे गाडी नाही ते विचार, जोड्या लावून दे आणि सगळ्यांना घरी पाठव.

तुझे,
सर