घाण्याचा व्हिडिओ: वजनकाटा आधी दाखव

तुझ्या नागपूरच्या घाण्याचा व्हिडिओ पाहिला भाऊ. लाकडी घाणा फिरतोय, तेलाची धार पडतेय, छान दिसतं. पण खाली 'हृदयासाठी उत्तम' लिहिलंस, ते काढ. असा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. FSSAI चे जाहिरात आणि दाव्यांचे 2018 चे नियम आहेतच.

त्याऐवजी एकच घाणी सुरुवातीपासून दाखव. काट्यावर 10 किलो शेंगदाणे ठेव, खराब दाणे निवडताना हात दिसू दे. शेवटी त्याच काट्यावर तेल आणि ढेप मोज. साधारण 4 किलो तेल निघतं, बाकी बहुतेक ढेप. दाण्यानुसार थोडं कमी-जास्त होईल, जे येईल तेच दाखव. 10 किलोतून 7 किलो तेल सांगितलंस, तर जाणकार माणूस तिथंच ओळखेल.

नंतर गढूळ तेल टाकीत ठेवलेलं आणि दोन-तीन दिवसांनी गाळ खाली बसून वर नितळ झालेलं, हे दोन्ही शॉट लागोपाठ लाव. घर्षणानं तेल कोमट होतंच, म्हणून 'उष्णता शून्य' म्हणू नकोस. थर्मामीटर बुडवून आकडा दाखव.

तुपाचा वेगळा व्हिडिओ कर. लोणी कढताना बुडबुड्यांचा आवाज मंदावतो, बेरी तांबूस होते, तो क्षण न कापता ठेव.

भेसळ नाही हे मात्र कॅमेऱ्यानं सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकाच फ्रेममध्ये घे.