थकवा जात नाहीये? आधी ताट बघ

अगं, पळण्याचा वेग वाढत नाही म्हणून भाकरी कमी करू नकोस. मी हेच केलं होतं. सकाळी 10 किलोमीटर पळून आल्यावर नुसता चहा, दुपारी एक भाकरी आणि भाजी. जिना चढताना पाय शिशाचे व्हायचे, रात्री झोप लागायची नाही. तीन महिने पाळी आली नाही, तरी मला वाटलं, सरावाने होतं असं. होत नसतं.

स्पोर्ट्स डॉक्टरांनी हिशेब मांडला. खाणं 1500 कॅलरी, पळण्यात गेल्या 500. शरीराच्या बाकी कामांना उरल्या 1000. माझं चरबी वगळून वजन 40 किलो, म्हणजे किलोमागे 25. साधारण 45 हव्यात. 30 च्या खाली शरीर काटकसर करतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. यालाच लो एनर्जी अव्हेलेबिलिटी म्हणतात. वजन घटेलच असं नाही, म्हणून काट्यावर विसंबू नकोस.

मी पळण्याआधी केळं आणि आल्यावर लगेच दोन अंडी-पोळी सुरू केली, दुपारी भातही वाढवला, पळणं निम्म्यावर आणलं. थकवा काही आठवड्यांत उतरला, पाळी यायला पाच महिने लागले. तुझी पाळी चुकत असेल तर गोळ्यांनी ती आणू नकोस, कारण झाकलं जातं. आधी डॉक्टरांना दाखव. नडगीत एका जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, उद्या पळूच नकोस.