बाथरूमच्या काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसलेत. महागडा ग्लास क्लीनर घ्यावा की व्हिनेगर पुरेल?

व्हिनेगर. निळी बाटली तूर्तास बाजूला ठेवा.

एवढं ठासून सांगतोय, कारण हा वाद आमच्या घरात तीन वर्षं चालू आहे. मी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकतीस वर्षं सहायक होतो. तरी दर गणपतीला वहिनी चारचौघांत विचारतात, "काय भावोजी, यंदा काय विरघळवणार?" तो किस्सा सांगतो, तुमचं उत्तर त्यातच आहे.

दादाचं घर कांदिवलीला, नव्या टॉवरमध्ये. पालिकेचं पाणी भातसा-तानसा-वैतरणेचं, म्हणजे तलावात साठलेलं पावसाचं. त्यात क्षार कमी. पण ते पुरत नाही, म्हणून सोसायटी त्याच टाकीत बोअरचं मिसळते आणि मे महिन्यात टँकरचं. त्यामुळे शॉवरची काच दोन वर्षांत दुधी झाली होती. गणपतीला पाहुणे येणार, म्हणून वहिनी तीन दिवस त्यावर ग्लास क्लीनर मारत होत्या. काच पुसली की ओली असेपर्यंत लख्ख, आणि पंख्याखाली वाळली की डाग परत जागेवर. मग आणखी महागाची बाटली आली. तिनेही तेच केलं.

ते होणारच होतं. ग्लास क्लीनर बोटांचे ठसे आणि तेलकटपणा काढायला बनवलेला असतो. त्यात मुख्यतः पाणी, थोडं अल्कोहोल, थोडा साबणासारखा पदार्थ आणि काहींत अमोनिया. पाण्याचा पांढरा डाग म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात खडू. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. थेंब काचेवर वाळला की पाणी उडून जातं, कॅल्शियम खडू होऊन मागे राहतं. खडू अमोनियाला दाद देत नाही, त्याला आम्लच लागतं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड त्याचं कॅल्शियम ॲसिटेट करतं, ते पाण्यात विरघळतं आणि धुऊन जातं.

हे मी तिथेच बोललो. वहिनी म्हणाल्या, "मग करून दाखवा."

पहिल्यांदा मीही फसलो. यूट्यूबवर सांगतात तसं व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून स्प्रे केलं आणि पाच मिनिटांनी पुसलं. काही फरक नाही. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा होता. मग डोकं लावलं. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्केच ॲसिड असतं. १०० मिलिलिटर व्हिनेगर अगदी पूर्ण वापरलं गेलं तरी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास खडू विरघळवतं. त्यात तुम्ही निम्मं पाणी ओतलं की ताकदही निम्मी. वर काच उभी असते, स्प्रे ओघळून अर्ध्या मिनिटात खाली येतो. ॲसिडला काम करायला वेळच मिळत नाही. माझ्या मते, "व्हिनेगर चालत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकतं.

आणखी एक गोष्ट होती. शॉवरच्या काचेवर नुसता खडू नसतो, साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला चिकट थरही असतो, आणि तो ॲसिडला आत शिरू देत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी आधी भांड्यांच्या लिक्विडने काच घासून घेतली. मग पाणी न घालता व्हिनेगर कोमट केलं, त्यात किचन टिश्यू भिजवले आणि घडी न पाडता काचेवर चिकटवले. वाळायला लागले की वरून थोडं थोडं मारत राहिलो. वीस मिनिटांनी टिश्यू काढले, नायलॉनच्या स्क्रबरने गोल गोल घासलं, धुतलं, वायपर मारला. निम्म्याहून जास्त थर गेला. खालच्या दीड फुटात थर जाड होता, तिथे तीन वेळा करावं लागलं. बाथरूममध्ये लोणच्याची बरणी उघडल्यासारखा वास होता हे खरं, पण वाळलेल्या काचेतून पलीकडच्या टाइल्सचे सांधे दिसत होते. दादाने टाळ्या वाजवल्या.

आणि तेवढ्यात वहिनींनी खाली बोट दाखवलं.

पार्टिशनच्या खाली बाथरूमच्या दाराशी संगमरवराची पट्टी आहे. सगळं व्हिनेगर ओघळून तिच्यावर साचलं होतं. तासाभरात तिची चमक गेली, हात फिरवला तर खरखरीत. संगमरवर म्हणजे तरी काय, तेच कॅल्शियम कार्बोनेट. एकतीस वर्षं मी परीक्षानळीत संगमरवराचे तुकडे टाकून, वर ॲसिड ओतून पोरांना बुडबुडे दाखवले. आणि घरच्या पट्टीवर व्हिनेगर साचलेलं मला दिसलं नाही! ते डाग नाहीत, दगडच खाल्ला गेलाय. पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

त्यामुळे तुमच्याकडे खाली संगमरवर किंवा कोटा असेल तर आधी खायच्या सोड्याच्या पाण्यात जुना टॉवेल भिजवून त्यावर पसरा, ओघळ तिथेच मरेल. सोडा व्हिनेगरमध्ये मात्र मिसळू नका. फेस छान येतो, पण तो फेस म्हणजे ॲसिड संपल्याची खूण आहे. टाइल्समधल्या सिमेंटलाही रोज रोज व्हिनेगर पाजू नका. नळांवर टिश्यू दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कुठे क्रोम उडालं असेल तर अजिबात नको. टॉयलेटचं ॲसिड क्लीनर काचेवर वापरायचा सल्लाही कोणी देईल. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, खडू झटक्यात जातो, पण नळ आणि स्टीलचे स्क्रू काळे पडतात. आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडच्या जवळ आणू नका, व्हिनेगरच्याही नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

महागडं सगळंच फुकट असतं असंही नाही. बाटलीच्या मागे सायट्रिक, लॅक्टिक किंवा सल्फॅमिक ॲसिड लिहिलेले बाथरूम क्लीनर असतात. ते या डागांवर चालतात. काही घट्ट असल्यामुळे उभ्या काचेवर व्हिनेगरपेक्षा जास्त वेळ टिकतात आणि वासही कमी. वहिनींनी हे आणले असते तर वाद मी हरलो असतो. पण त्यांनी आणले नाहीत. संगमरवराची काळजी मात्र इथेही तीच.

दादाच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक धुरकट पट्टा तेवढा राहिलाच. नखाने पाहिलं तर तिथे काहीच लागत नव्हतं, गुळगुळीत. थर असता तर नख अडलं असतं. म्हणजे तिथे काचच झिजली आहे. तिथे व्हिनेगर, बाटली सगळं सारखंच निरुपयोगी, सेरियम ऑक्साइडने पॉलिश करून घ्यावं लागतं. नखाला थर लागतोय पण तीन वेळा व्हिनेगर लावूनही हलत नाही, तर त्यात सिलिका असेल, तीही ॲसिडला ऐकत नाही.

काच साफ झाल्यावर आंघोळीनंतर रोज वायपर मारायचा, हे दादा करतो. शेवटची चमक आणायला वहिनी त्यांची निळी बाटली मारतात आणि पाहुण्यांना सांगतात, काच तिनेच साफ झाली. पट्टी अजून तशीच आहे. दादा दोनदा पॉलिशवाल्याला बोलवायला निघाला होता, वहिनी बोलवू देत नाहीत.