arp -a मध्ये अनेक आयपींपुढे एकच मॅक का?

प्रश्न: निपाणीच्या दुकानातल्या पीसीवर arp -a मारलं की खानापूर शाखेच्या सगळ्या आयपींपुढे एकच मॅक दिसतो. कुणी घुसलंय का?

बहुधा नाही, तुमचा राउटरच प्रॉक्सी एआरपीने त्या आयपींच्या वतीने उत्तर देतोय. पीसीचा मास्क बघा. 255.255.0.0 असेल तर 192.168.5.20 हा खानापूरचा पत्ताही त्याला स्वतःच्याच सेगमेंटवरचा वाटतो आणि तो ब्रॉडकास्ट करून मॅक विचारतो. ब्रॉडकास्ट राउटरपलीकडे जात नाही, पण राउटरकडे तिकडचा रूट असल्याने तो स्वतःचा मॅक देतो. मास्क 255.255.255.0 करा, गेटवे तपासा. जुन्या नोंदी लगेच जात नाहीत: विंडोजमध्ये 15 ते 45 सेकंदांत नोंद शिळी ठरते, तरी यादीत राहते. म्हणून ॲडमिन म्हणून `arp -d *` चालवा. मात्र तो मॅक राउटरचा नसेल, तर तुमची शंका खरी धरून ते यंत्र शोधाच.