तीनदा घासूनही दात किडतात, तेव्हा

“दिवसातून तीनदा ब्रश करते, गोड जवळजवळ सोडलंय. तरी दोन वर्षांत सहा दात किडले. डेंटिस्ट म्हणतात, घासायची पद्धत चुकतेय. घरचे म्हणतात, लक्ष देत जा. माझंच काही चुकतंय का?”

वाक्यं थोडी वेगळी असतील, पण हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक बाया चाळिशी-पन्नाशीच्या, आणि श्योग्रेन या ऑटोइम्यून आजाराचं निदान नुकतंच झालेल्या. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर उलटते. त्यातल्या एकीची गोष्ट इथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्या दोन बैठका अपराधी वाटण्यातच गेल्या. ब्रश करण्याबद्दल ती कबुलीजबाब दिल्यासारखं बोलायची. मी विचारलं, “किडले ते दात नेमके कुठले? आणि कीड दाताच्या कुठल्या भागात?”

तिने बोट लावून दाखवलं. हिरडीला लागून, दाताच्या मानेशी. आणि खालच्या पुढच्या दातांच्या अगदी कडांवर.

उत्तर या जागांमध्येच होतं. खालचे पुढचे दात सहसा सगळ्यात शेवटी किडतात, कारण जिभेखालची लाळ सतत त्यांच्यावरून वाहत असते. तिथेच कीड लागली, तर आधी संशय लाळेवर घ्यायचा, ब्रशवर नाही. लाळ आम्ल निवळवते आणि दाताला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. नुसत्या पाण्याने तोंड ओलं होतं, पण हे काम होत नाही. तिची तपासणी साधीच होती: पाच मिनिटं मान खाली घालून बसायचं आणि लाळ कपात गळू द्यायची. जमली 0.4 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला 0.08. 0.1 किंवा त्याहून कमी म्हणजे लाळ फारच कमी. डेंटिस्टचा आरसाही तिच्या गालाला आतून चिकटायचा. ते तिला आठवत होतं, पण त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी आळशी नाही.”

माझा कल सवयी तपासण्याकडे आहे. दोष मनातून उतरला की माणूस वही खरी लिहितो, असा माझा अनुभव. पुढच्या आठवड्यात तिने पाण्याखेरीज तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहिली. वहीत दिवसाला चौदा लिंबाच्या आंबट गोळ्या निघाल्या.

“त्या शुगरफ्री आहेत,” ती म्हणाली. “आणि त्याने लाळ सुटते.”

सुटते, खरं आहे. पण सायट्रिक आम्लाला साखर लागत नाही. साधारण 5.5 पीएचच्या खाली दाताचं कवच विरघळू लागतं, आणि मुळाचा उघडा भाग त्याच्याही आधी. भरपूर लाळ असलेलं तोंड त्यातून लवकर सावरतं. तिचं तोंड सावरायच्या आत पुढची गोळी येत होती. आजार सांभाळायला केलेला उपायच दात खात होता. हे तिने स्वतःच्या अक्षरात वाचलं, म्हणून पटलं. मी नुसतं सांगितलं असतं तर तिला तो आणखी एक ठपका वाटला असता.

मग डेंटिस्टशी बोलून बदल ठरले. आंबट गोळीऐवजी झायलिटॉल या दात न किडवणाऱ्या गोडीचं च्युइंगम, कारण चघळण्यानेही उरलेल्या ग्रंथी जाग्या होतात. घोट घोट साधं पाणी. चहा जेवणाबरोबरच, दिवसभर थोडा थोडा नाही. आंबट काही खाल्लंच तर लगेच ब्रश नाही, कारण मऊ झालेलं कवच घासलं जातं. आधी पाण्याने चूळ. रात्री, लाळ सगळ्यात कमी असते तेव्हा, डेंटिस्टने लिहून दिलेली 5000 पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट. ती थुंकायची, चूळ भरायची नाही. हेच तिला सगळ्यात जड गेलं. “तोंडात फेस ठेवून झोपायचं?” फेस थुंकायचा, चव राहू द्यायची. शिवाय दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे डेंटिस्टने दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप.

आणखी एक गोष्ट निघाली. निदान व्हायच्या आधी, “हे मनाचं आहे” म्हणत तिला झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन दिलं होतं. या गोळीने तोंड अजून कोरडं पडतं. स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, एवढंच मी म्हटलं. त्यांनी ती बदलली. लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनबद्दलही तिने त्यांनाच विचारावं असं ठरलं. त्याने घाम फार येतो आणि दमा किंवा काचबिंदू असल्यास ते चालेलच असं नाही.

जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग होऊ लागली किंवा ओठांचे कोपरे फाटले, तर तो नुसता कोरडेपणा न समजता बुरशीसाठी दाखवायचं. कानाखाली लाळग्रंथीची गाठ आली आणि काही आठवड्यांनंतरही उतरली नाही, तर संधिवाततज्ज्ञांना लगेच, कारण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसिकासंस्थेच्या कर्करोगाचा, धोका वाढलेला असतो.

सहा महिन्यांनी एक नवी कीड सापडली, जुन्या फिलिंगच्या कडेला. कीड छोटी असतानाच ती जागा भरून घेतली. या वेळी तिने मला विचारलं नाही की तिचं काय चुकलं. तिने विचारलं, “त्या जागी वार्निश नीट पोचत नसेल का?”