लिटरचं तेल किलोत मोजताना

दोन भाव समोर आले की आधी एकक बघा, आकडा नंतर. एकाचा भाव लिटरचा आणि दुसऱ्याचा किलोचा असेल, तर ती तुलनाच नव्हे.

खाद्यतेलाची घनता साधारण ०.९१ ते ०.९२ किलो प्रति लिटर असते. म्हणजे एक लिटर तेल भरतं जेमतेम ९१० ग्रॅम. समजा, तुम्हाला २०० लिटर तेल हवंय आणि ते किती किलो होईल हे काढायचंय: २०० × ०.९१ = १८२ किलो. लिटरवरून किलो काढताना गुणायचं, किलोवरून लिटर काढताना भागायचं. किलोचा आकडा लिटरपेक्षा मोठा आला, तर गणित उलटं झालंय.

भावाचं मात्र बरोबर उलट: लिटरच्या भावाला ०.९१ ने भागलं की किलोचा भाव मिळतो, आणि तो जवळपास दहा टक्के जास्त निघतो. आकडा सारखाच दिसला तरी लिटरवाला महाग.

डब्यांतही हाच घोळ. १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असतं, १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास.

तेल तापलं की फुगतं. २० अंशांच्या फरकाने घनता एखाद-दीड टक्का उतरते. चार डब्यांना हे चालून जातं, टँकरला नाही. म्हणून मोठा सौदा वजनावरच करा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करून.