कामवाल्या मावशींचे मिस्टर वारले, आपण काय करावं?

प्रश्न: आमच्याकडे बरीच वर्षं काम करणाऱ्या मावशींचे मिस्टर परवा पुण्यातच हॉस्पिटलमध्ये गेले. त्या बॉडी घेऊन गावी गेल्यात, तेराव्यानंतर येतील. फोनवर काय बोलावं सुचत नाहीये, आणि पैसे देण्याशिवाय आणखी काय मदत करता येईल?

उत्तर:

फोन करा, पण छोटा करा. "मावशी, कळलं, फार वाईट झालं, कामाची अजिबात काळजी करू नका, तुमचं काम तुमचंच आहे आणि पगार पूर्ण मिळेल" एवढं बोललात तरी खूप झालं. कधी येणार हे पहिल्या फोनवर विचारू नका. ज्या बाईची चार घरं आहेत तिच्या डोक्यात त्या दुःखातही हेच चालू असतं की तेरा दिवसांत यातली किती घरं सुटणार. मधल्या दिवसांसाठी बदली बाई हवीच असेल तर त्यांच्याच जावेला किंवा शेजारणीला विचारा, आणि तिचे पैसे वेगळे द्या, मावशींच्या पगारातून नकोत.

पैसे देताना दोन गोष्टी बघा. एक, हे परत द्यायचे नाहीत हे स्पष्ट बोला, नाहीतर त्या उचल समजतात आणि पुढचे सहा महिने पगारातून कापून घ्या म्हणत राहतात. दुसरं, शक्यतो त्यांच्याच खात्यात पाठवा. दिराकडे किंवा जावयाकडे दिलेले पैसे दहाव्या-तेराव्याच्या जेवणावळीत कधी संपतात कळत नाही (माझं मत कडू वाटेल, पण बघितलंय).

आता खरी मदत, जी तुम्ही पुण्यात आहात म्हणून तुम्हीच करू शकता. मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथे होते, जिथे अग्नी दिला तिथे नाही. आमच्याकडच्या मावशींचं हेच झालं, मिस्टर रंगकाम करायचे, इथल्या हॉस्पिटलमध्ये हार्ट अटॅकने गेले, अंत्यविधी बार्शीकडे गावी, आणि घरचे दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालत बसले. तिथे मिळणारच नव्हता. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर महापालिकेला कळवायचं काम हॉस्पिटलचं असतं, ते २१ दिवसांत व्हायला हवं, उशीर झाला की दंड, परवानगी असं वाढत जातं. म्हणून आत्ताच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा, माहिती पाठवली का, आणि नाव काय लिहिलंय. ॲडमिट करताना घाईत कोणीतरी घरचं हाक मारायचं नाव सांगतं किंवा वडलांचं नाव चुकतं, आणि आधारवर वेगळं असलं की पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं. नोंद व्हायच्या आधी दुरुस्ती सोपी असते, नंतर अर्ज, पुरावे सगळं लागतं. आधारचा फोटो मावशींच्या मुलाकडून व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा, बँक, तहसील सगळीकडे लागतात.

त्यानंतर मिस्टरांचं पासबुक. यात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेली एंट्री आहे का बघा. ती असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, म्हणजे कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी नॉमिनीला २ लाख मिळतात (पहिल्यांदा विमा घेतल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूच धरतात). वीस रुपयांची एंट्री असेल तर तो अपघाताचा विमा, हार्ट अटॅकला त्याचा उपयोग नाही. बऱ्याच घरांत हा विमा आहे हेच कोणाला माहीत नसतं, कारण खातं उघडताना बँकेतल्या माणसाने सही घेतलेली असते. क्लेम त्याच बँकेच्या शाखेत करायचा, फॉर्म तिथेच मिळतो, दाखला, नॉमिनीचं आधार आणि नॉमिनीच्या खात्याचा तपशील लागतो, आणि तो शक्यतो महिन्याभरात टाकलेला बरा. नॉमिनी कोण आहे ते आधी विचारा, लग्नाआधीचं खातं असेल तर बऱ्याचदा सासूचं नाव निघतं, मग ते घरात बसून ठरवावं लागतं, त्यात आपण पडायचं नाही. आणि एक मुलाला नक्की सांगा, वडलांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नकोस, पिन माहीत असला तरी. बँकेला कळवून नॉमिनीमार्फतच काढायचे, नाहीतर बाकीच्या वारसांपैकी कोणी तक्रार केली की भानगड होते.

घरचं पिवळं रेशनकार्ड असेल आणि गेलेला कमावता माणूस ६० च्या आतला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २० हजार मिळतात की नाही ते तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेच्या टेबलवर विचारा, विधवा म्हणून मासिक अनुदानाचा अर्जही तिथेच होतो.

त्या परत आल्या की कपाळाकडे, गळ्याकडे बघून काही बोलू नका, आणि देवघर पुसायचं काम आपणहून काढून घेऊ नका, त्यांनाच विचारा. पहिला महिना सकाळची वेळ थोडी मागेपुढे करू द्या, कारण बँकेत नाहीतर तहसीलमध्ये गेलं की अर्धा दिवस जातोच, आणि जमलं तर क्लेमचा फॉर्म भरायला एकदा बरोबर जा. आमच्या मावशींना काउंटरवरच्या माणसाने दोनदा परत पाठवलं होतं, मी सोबत गेले तेव्हा तोच फॉर्म तसाच घेतला.